चार दिवस छावणीच्या कडेला

बाईच्या पाळीबद्दल सत्यभामाला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. ती जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं, उसाच्या फडानं शिकवलं होतं. आष्टी तालुक्यातल्या ज्या वाडीत ती नांदायला आली, तिथली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की दाराला कुलूप घालून ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई चार दिवस बसली की कोयता अर्धा, आणि अर्धा कोयता म्हणजे मुकादमाकडे खाडा, वर खाड्याचा दंड. मग कोण बसणार? फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पोटात कळा येत असताना उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. तिची जाऊ केशरबाई म्हणायची, "देवानं बाईला दोन हात कमी दिले असते तरी चाललं असतं, पर हे कावून दिलं?"

केशरबाईनं गर्भाची पिशवी काढून टाकली. मग टोळीतल्या आणखी दोघींनी काढली. सत्यभामाच्या ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा तीही त्याच डॉक्टरकडं गेली. त्यानं पडद्यावरचा एक काळा डाग दाखवला, पिशवी खराब झाली म्हणाला, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल म्हणाला. तेव्हा तिची पंचविशीही उलटली नव्हती. पिशवी गेली. पुढच्या हंगामात ती पुरुषासारखी राबली, एक खाडा नाही. त्यानंतर थंडीतही अंगातून वाफा निघायच्या, गुडघे कुरकुरायचे, बसलं की उठवायचं नाही. पण त्याचा आणि पिशवीचा काही संबंध असेल असं तिला कधी वाटलं नाही. बाईचं शरीर झिजतंच. बैलाचं नाही का झिजत?

तर अशी ही सत्यभामा. आणि तिची एकुलती एक लेक कालिंदा.

कालिंदाला धावता येतं हे गावाला कळलं ते शाळेत. सत्यभामाला मात्र त्याआधीच माहीत होतं. फडावर पाचटाच्या ढिगामागून ससा निघाला की टोळीतली सगळी पोरं ओरडायची आणि ही एकटी त्याच्यामागं पळायची. पुढं बारावी झाली, आणि धर्मराज सरांच्या भरती अकॅडमीत नाव घातलं. धर्मराज सर फौजेतून सुटून आलेले. तलावाच्या काठी पत्र्याची एक खोली, समोर मोकळं रान, तीच त्यांची अकॅडमी. पोलीस भरतीसाठी आजूबाजूच्या वाड्यांवरची पोरं-पोरी तिथं पळायला यायची.

त्या वर्षी तर तलावाचा तळच मैदान झाला होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेलेला. तळ्यातला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, सरांनी त्या बुजवून चुन्यानं गोल आखला. त्याच तळ्याच्या वरच्या अंगाला दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली. दावणीला दावणी लागल्या, वर शेडनेटची हिरवी कापडं. ज्याचं जनावर त्यानं जवळ राहायचं, म्हणून माणसंही तिथंच. कडा गावाकडून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला यायचा, टँकरनं पाणी यायचं, सकाळ-संध्याकाळ संस्थेची गाडी कॅन भरून दूध घेऊन जायची.

सत्यभामाकडं दोन बैल आणि एक गाय. जनावरं सोडून जाता येईना, म्हणून त्या हंगामात ती मागं राहिली आणि नवरा बद्रीनाथ एकटाच अर्धा कोयता म्हणून कर्नाटकात गेला. निघताना आप्पाराव मुकादम छावणीत आला होता. पान थुंकून म्हणाला, "बद्री, बायकूला ठिव जनावरापाशी. पर पोरगी हाय की घोड्यासारखी! तिला घे, कोयता पुरा होईल."

"ती पोलीस हुनार हाय," सत्यभामा म्हणाली.

"झाली तर लई ब्येस. मी सलाम ठोकीन." आप्पाराव हसला. "न्हाई झाली तर पुढच्या दिवाळीआधी हात पिवळे कर. माझ्याच टोळीत एक पोरगं हाय, बिन-बायकूचं. तेचाबी अर्धा कोयता हाय."

बद्रीनाथनं मान हलवली. ते बोलणं कुणी लिहून घेतलं नाही, पण तिघांनाही कळलं की ठरलं. या वेळच्या भरतीत कालिंदा लागली तर सुटली. नाही लागली तर कोयता.

म्हणून सत्यभामा जे करेल ते पोरीच्या धावेसाठी करायची. आणि धावेसाठी काय करायचं हे धर्मराज सर सांगायचे.

"अंगावरचा एक एक किलो म्हणजे पाठीवर बांधलेला धोंडा," सर सांगायचे. "पोट रिकामं, तर पाय हलके. फौजेत आमी तीन तीन दिवस चण्यावर काढलेत. जिभेला जिंकलं तिनं मैदान जिंकलं."

सर वाईट माणूस नव्हते. पहाटे सगळ्यांआधी येऊन गोल आखणारा, गरिबाच्या पोरांना बूट मिळवून देणारा माणूस. त्यांना जे येत होतं ते त्यांनी मनापासून शिकवलं.

कालिंदानं ते मनापासून घेतलं. आधी तिनं भात सोडला. मग शेंगदाणे, मग तेल. मग सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास धरले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. तीन देवांचं नाव घेतल्यावर कुठली आई नको म्हणेल? उलट छावणीतल्या बायका कौतुक करायच्या. उपवासाला त्या साबुदाणा करायच्या, कालिंदा कोरा चहा घ्यायची. इतर दिवशी सकाळी पळून आल्यावर अर्धी भाकरी आणि चटणी, दुपारी अर्धी, संध्याकाळी पुन्हा पळून आल्यावर पाणी. दूध तर घरात राहायचंच नाही, थेंब न् थेंब संस्थेच्या कॅनमध्ये. दुष्काळात सगळेच हात आखडून जेवत होते. एका पोरीनं आणखी थोडं आखडलं तर ते दिसतं कुणाला?

आणि पाय खरोखरच हलके झाले. पहिले दोन-तीन महिने तिची वेळ दर आठवड्याला कमी होत गेली. सरांनी सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच सुमारास, दिवाळी मागं पडल्यावर, एक दिवस बैलांपुढं वाढं टाकता टाकता कालिंदा म्हणाली, "माय, मला तीन महिने झाले, आलीच न्हाई."

सत्यभामानं पोरीच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. तिथं चोरी नव्हती. उलट डोळे चमकत होते.

"त्या चकलांब्याच्या पोरी हायेत ना अकॅडमीत, त्या गोळ्या खाऊन पुढं ढकलतेत, ग्राउंडच्या दिवशी नको म्हून. मला गोळ्याबी लागायच्या न्हाईत!"

"तुझ्या सरांला सांगितलंस?"

"सरांला? येडी हायेस का माय?"

मग सत्यभामाच्या तोंडून जे निघालं ते तिच्या सगळ्या आयुष्यातून निघालं. "बरं झालं बाई. तुझी आपसूक सुटली. मला कापून घ्यावं लागलं."

छावणीत आठवड्यातून एकदा जनावरांचे डॉक्टर यायचे. सत्यभामाच्या गायीनं ते वर्ष माजच दाखवला नव्हता, म्हणून ती त्यांच्या मागं लागलेली. "साहेब, एखादी सुई मारा की. भरवायची राहिली तर पुढच्या साली दूध कुठनं आणू?"

डॉक्टरांनी गायीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "सुई मारून काय उपयोग, मावशी? हिच्या अंगात काय शिल्लक आहे? जनावर आधी स्वतःचा जीव राखतं, मग वंश. आधी हिचं पोट भरा, माज आपोआप येईल."

"हे आमाला ठावं न्हाई व्हय?" सत्यभामा हसून म्हणाली. "सुकाळात न सांगता येती. पर तुमच्या छावणीचं वाढं म्हंजी नुसता कडबा चघळल्यावानी."

कालिंदा तिथंच उभी होती, गायीच्या गळ्याखाली खाजवत. दोघींपैकी एकीलाही काही सुचलं नाही.

थंडी पडली तशी कालिंदा गारठायला लागली. उन्हात बसूनही बोटं निळसर. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. पळण्याची वेळ कमी व्हायची थांबली, मग उलट वाढायला लागली. सर म्हणाले, आळस आला. तिनं दुपारची अर्धी भाकरीही सोडली. रागीट झाली, शब्दाला शब्द लावायला लागली, नाहीतर तासन् तास मुकी. एकदा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसली.

आणि तिथं केशरबाई होती.

त्या हंगामात केशरबाईही छावणीतच होती. तिनं कालिंदाला उठवलं, पाणी मारलं आणि मग सत्यभामाला दावणीमागं नेऊन विचारलं, "पोरगी बसली व्हती कधी शेवटची?"

"तिची सुटलीया."

"सुटलीया?" केशरबाईनं कपाळाला हात लावला. "एकोणीस वर्साच्या पोरीची सुटत न्हाई, राहती! चक्कर येती, जेवत न्हाई, तोंडावर राग. सत्यभामे, डोळं उघड. तळ्यात पोरंबी पळतेत तिच्यासंगं."

"जाऊबाई, जीभ झडंल तुमची."

"माझी झडली तर झडू दे. ही बाकीची शंभर तोंडं हायेत त्यांचं काय करशील?"

शंभर तोंडं खरोखर होती. छावणीत भिंत नसते. या दावणीची शिंक त्या दावणीला ऐकू जाते. दोन दिवसांत दूध घालायच्या रांगेत बायका कालिंदाच्या पोटाकडं बघायला लागल्या. रुक्मिणीबाई म्हणून एक म्हातारी होती, ती तर सरळच म्हणाली, "पोलीस हुयाच्या आधीच गुन्हा झाला म्हनायचा."

त्या दिवशी सत्यभामानं लेकीला पहिल्यांदा मारलं. कालिंदानं मार खाल्ला, रडली नाही. फक्त म्हणाली, "तपास. कुठं न्यायचं तिथं ने."

त्या दोघी तालुक्याच्या गावी गेल्या. सत्यभामाची पिशवी काढणारा तो डॉक्टर आता तिथं नव्हता, त्याच गल्लीत दुसराच होता. त्यानं लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. सत्यभामानं भिंतीला टेकून डोळे मिटले. बाहेर बाकावर बायकांची रांग होती, डॉक्टरला वेळ नव्हता. कालिंदा काय खाते, किती पळते, हे त्यानं विचारलं नाही आणि या दोघींनीही सांगितलं नाही. धावण्याचा आणि पाळीचा संबंध असतो हे कुणाच्या गावी होतं? त्यानं एकवीस गोळ्यांचं एक पाकीट दिलं. "रोज एक. पाकीट संपलं की तीन-चार दिवसांत येईल. मग पुढचं पाकीट."

आणि आली. पाकीट संपलं, दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी आली.

सत्यभामाला इतका आनंद कधी झाला नव्हता. जिला ती आयुष्यभर शिव्या देत आली तिच्यासाठी तिनं महादेवाला नारळ फोडला. आणि मग तिनं ते केलं, जे तिच्या जागी त्या छावणीतल्या कुठल्याही आईनं केलं असतं. दावणीच्या टोकाला, शेडनेटच्या बाहेर, जिथून येणारी-जाणारी प्रत्येक बाई बघेल अशा जागी एक पोतं अंथरलं आणि कालिंदाला त्यावर बाजूला बसवलं. वेगळा तांब्या, वेगळं ताट. फडावर बाजूला बसणं त्यांना परवडायचं नाही, घरीही तिनं पोरीला कधी बसवलं नव्हतं. आता मुद्दाम बसवलं. कुणी जवळ आलं की मोठ्यानं ओरडायची, "तिकडं जाऊ नगा, कालिंदा बाहेरची हाय! शिवू नगा!"

"माय, लाज वाटती मला," कालिंदा म्हणायची.

"वाटू दे. चार दिवस बस. समद्यांला दिसू दे."

सगळ्यांना दिसलं. रुक्मिणीबाई येऊन लांबूनच बघून गेली. केशरबाईनं गुळाचा खडा आणून पोत्यावर टाकला आणि पदरानं डोळे पुसले. तोंडं बंद झाली. पुढच्या महिन्यात पाकीट संपल्यावर पुन्हा आली, पुन्हा तिला बसवलं. आता कुणी काही विचारत नव्हतं, सत्यभामाही नाही. पाळी येते म्हणजे सगळं सुरळीत, ही छावणीची समजूत, तीच तिची.

पण कालिंदाला दुखत होतं.

आधी फक्त पळताना, मग चालताना. दुखायचं जांघेत, आत खोल. जांघ दाखवायची कुणाला? सरांना तर नाहीच. तिनं गुडघा दुखतो असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. दुखणं गुडघ्यापर्यंत उतरायचं. सरांनी गुडघ्याला पट्टी बांधायला सांगितली. सत्यभामानं बिब्बा तापवून गुडघ्यावर चटका दिला. भरतीचं मैदान तोंडावर आलेलं. "आता थांबलीस तर वर्ष गेलं," सर म्हणाले. वर्ष गेलं म्हणजे काय गेलं, हे कालिंदाला सरांपेक्षा जास्त माहीत होतं. तिनं पाकिटातल्या गोळीबरोबर दुखण्याची गोळी घ्यायला सुरुवात केली.

मैदानाच्या दिवशी सत्यभामा कुंपणाबाहेर उभी होती. जनावरं केशरबाईच्या हवाली करून आली होती. शेकडो पोरी छातीवर नंबर लावून बसल्या होत्या. कालिंदाची तुकडी सुटली. पहिल्या फेऱ्यात ती पुढच्या चौघीत होती. दुसऱ्या फेऱ्यात दुसरी. कुंपणाला धरून सत्यभामा ओरडत होती, "पळ माझे बाई, पळ!" शेवटचा फेरा सुरू झाला, आणि वळणावर, कुणाचा धक्का लागला नाही की पाय अडखळला नाही, कालिंदा नुसती खाली बसल्यासारखी झाली. तिला उठायचं होतं. तिनं हात टेकले, उजवा पाय ओढला, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो कुंपणापर्यंत ऐकू आला. मागच्या पोरी तिला वळसा घालून निघून गेल्या.

मोठ्या सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मांडीचं हाड खुब्यात जिथं बसतं तिथली मान मोडली होती. एवढ्याशा वयात, न पडता, न आपटता. आधी तिथं बारीक तडा गेला असणार, तो पळून पळून वाढला असणार. त्यांनी स्क्रू घालून हाड जोडलं, आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

त्या वयानं लहानच होत्या. खुर्ची ओढून कालिंदाच्या उशाशी बसल्या. "पाळी कधीपासून नियमित आहे?"

"दर म्हैन्याला येती," सत्यभामानं लगेच सांगितलं. "चार दिवस. समद्यांनी बघितलंय."

"गोळीशिवाय कधी आली होती शेवटची?"

सत्यभामाला प्रश्नच कळला नाही. कालिंदा छताकडं बघत म्हणाली, "पोळ्याच्या येळंला."

मग त्यांनी खाण्याचं विचारलं. काय खातेस, किती, कधी. किती पळतेस. कालिंदा सांगत गेली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी नाडी बघितली, हाताची गार बोटं बघितली. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. अहवाल आल्यावर पुन्हा आल्या तेव्हा सत्यभामा त्यांच्या पायाशी बसली.

"बाई, पिशवी काढावी लागंल का हिची?"

"पिशवी?" त्या दचकल्या. "पिशवीला काहीही झालेलं नाही. पिशवी चांगली आहे, अंडाशय चांगलं आहे. वर बसा तुम्ही. ऐका. पाळीची सुरुवात पोटातून होत नाही, मेंदूतून होते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. तो थोड्या थोड्या वेळानं खालच्या ग्रंथीला इशारा देतो, ती ग्रंथी अंडाशयाला निरोप धाडते, मग अंडं पिकतं, संप्रेरक तयार होतं, पिशवीचं अस्तर वाढतं आणि महिन्यानं गळतं. आता हा भाग एक हिशोब सतत ठेवत असतो. आत किती आलं, कामात किती गेलं, शरीर चालवायला किती उरलं. तुमच्या मुलीनं खाल्लं ते सगळं पळण्यात गेलं. हृदय, मेंदू, अंगाची ऊब, यांना पुरेना. मग मेंदू म्हणतो, आता मूल वाढवायची ऐपत नाही, हे दुकान बंद. इशारे विरळ होतात. अंडं पिकत नाही, अस्तर वाढत नाही, मग गळणार काय?"

"पर ती काय हाडकुळी न्हाई, बाई. बघा की."

"वजनावरून नेहमी कळत नाही. उरतं किती, ते महत्त्वाचं."

"मंग गोळीनं आली ती?"

"गोळीनं बाहेरून संप्रेरक दिलं. पाकीट संपलं, ते थांबलं, म्हणून रक्त आलं. ती तिची पाळी नव्हती. मेंदू आतून गप्पच होता. आणि दिसायला पाळी येत होती म्हणून कुणी पुढं काही विचारलं नाही. तेवढ्यात हाडं पोकळ होत गेली. बाईच्या हाडाला तेच संप्रेरक धरून ठेवतं, आणि नुसत्या गोळ्यांनी ती कसर भरत नाही. ज्या वयात हाड भरायचं त्याच वयात हिचं झिजलं."

सत्यभामा हळूच म्हणाली, "जनावर आधी सोताचा जीव राखतं."

"काय म्हणालात?"

"आमची गाय, बाई. उपाशी गाय माजावर येत न्हाई. हे आमाला बारक्यापणापासनं ठावं हाय. डॉक्टरबी तिच्याम्होरंच म्हनला." तिनं स्वतःच्या तोंडात चापट मारली. "गायीचं कळलं मला. पोरीचं बरं झालं म्हनले."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. मग विचारलं, "तुमची काढली आहे का पिशवी? अंडाशयं ठेवली होती की तीही काढली?"

"काय काढलं ते कुनी सांगितलं न्हाई," सत्यभामा म्हणाली. "आमी इचारलं न्हाई."

घरी आल्यावर सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती भाकरी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, भरपूर खायचं, दूध, डाळ, तेल, भात, सगळं. उपवास बंद, पळणं बंद. पाळी परत यायला काही महिने लागतील, कदाचित वर्षही. हाड पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही. सत्यभामानं संस्थेच्या कॅनमध्ये घालायच्या आधी पेलाभर दूध काढून ठेवायला सुरुवात केली. पण कालिंदाचा हात ताटापर्यंत जाऊन थांबायचा. अर्धी भाकरी झाली की तिला अपराध केल्यासारखं व्हायचं. "पोट फुगतं माय. जड वाटतं." धर्मराज सर एकदा भेटायला आले, कुबड्यांकडं बघितलं, आणि केळी ठेवून गेले. पुढच्या तुकडीला ते आता काय सांगतात, कुणी विचारलं नाही.

पाऊस बरा झाला. छावणी उठली. पोळा आला आणि गेला, कालिंदा कुबड्या टाकून लंगडत चालायला लागली. पाळी आली नव्हती.

दसऱ्याच्या आधी आप्पाराव मुकादम आला. बरोबर तो टोळीतला पोरगा, शहादेव, आणि त्याची आई. बद्रीनाथनं घोंगडी टाकली. केशरबाई चहा टाकायला आली, शेजारच्या दोघी-तिघी दाराशी टेकल्या. पोरगा खाली मान घालून बसला होता, वाईट नव्हता.

"पाय बरा झाला म्हन्त्यात पोरीचा," आप्पाराव म्हणाला. "वाकायला येतंय, बास. ऊस काय पळून तोडायचा नसतोय. काय बद्री?"

बद्रीनाथ म्हणाला, "बोललो तसं बोललो. माझी ना न्हाई."

आतल्या दाराशी कालिंदा उभी होती. सत्यभामानं तिच्याकडं बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावर नकार नव्हता. मैदान गेलं, तिच्या लेखी सगळं गेलं. आता कुठंही न्या, असा तो चेहरा होता. फडावर ती पुन्हा अर्ध्या भाकरीवर मोळ्या उचलेल. त्या हाडावर. आणि पाळी नाही म्हणून टोळीतल्या बाया म्हणतील, नशिबाची.

"मुकादम," सत्यभामा म्हणाली, "पोरीला पाळी येत न्हाई."

बद्रीनाथनं तोंड वर केलं.

"म्हंजी?" पोराच्या आईनं विचारलं.

"म्हंजी येत न्हाई. एक वरीस झालं. छावणीत बसवली व्हती ती गोळ्यांनी आनलेली, म्याच बसवली, तुमाला दाखवाया. हाडं पोकळ झालीत तिची. लेकरू हुईल का न्हाई, आज कुनी सांगू शकत न्हाई. आता करा लगीन."

"सत्यभामे!" केशरबाई ओरडली.

पोराची आई उठली. शहादेव उठला. आप्पाराव दारात थांबून म्हणाला, "आई म्हनावं का कोन तुला? सोताच्या पोरीचं वाटोळं केलंस भर माणसांत. आता तिला कोन करनार?"

"कुनी नगं करू. म्या येते यंदा. तुमचा कोयता पुरा हाय."

ते गेले. दाराशी टेकलेल्या बायकाही गेल्या. संध्याकाळच्या आत सगळ्या वाडीत ते झालं असणार. बद्रीनाथ चहा न पिता निघून गेला.

कालिंदा आत चुलीपाशी बसली होती. "कावून सांगितलंस?" तिनं विचारलं. "आता मी कुठं जाऊ? पोलीस न्हाई, लगीन न्हाई. तुला इचारलं व्हतं का कुनी?"

सत्यभामानं तव्यावरची भाकरी उतरवली, वर तेलाची धार धरली, दुधाचा पेला शेजारी ठेवला आणि ताट पुढं सरकवलं. कालिंदानं ते ढकललं. सत्यभामानं पुन्हा सरकवलं. दोनदा, तीनदा. मग कालिंदानं रागारागानं एक तुकडा मोडला, तोंडात कोंबला आणि आईकडं न बघता चावायला लागली. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली.

"बास."

"न्हाई," सत्यभामा म्हणाली, आणि समोर मांडी घालून बसली.